कुमुदिनीचं चोवीस वर्षांचं दुखणं

माझी बहीण कुमुदिनी पट्टीशिवाय सरळ रेघ मारते. नोएडातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती अठरा वर्षं नकाशे काढते आहे. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं, तरी साइटवर गेली की पर्समधून पेन्सिल काढते आणि हाताशी येईल त्या कागदावर जिना कुठे वळणार ते काढून दाखवते. गवंडी म्हणतात, "मॅडम, यही दे दो, इसी से बना देंगे." ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणतो.

आम्ही खोपकर. बाबा, म्हणजे दत्तात्रय खोपकर, नोकरीसाठी चिपळूणहून दिल्लीला आले आणि एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. आम्ही दोघं पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो आणि मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलो. तिथे आई-बाबा अजून राहतात, ताईही राहते. मी आणि माझी बायको शिवांगी दोन गल्ल्या पलीकडे असतो.

हे लिहू का, असं मी ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. फक्त मला बिचारी करू नकोस." मी प्रयत्न करतो.

ताई तेरा वर्षांची होती तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या काळातलं मला आठवतं ते एवढंच, की महिन्यातले तीन-चार दिवस ताईचं पोट बिघडायचं. आई तसंच सांगायची. ती शाळेत यायची नाही, खाल्लेलं उलटून पडायचं, आणि बाथरूमच्या गार फरशीवर गुडघे छातीशी घेऊन ती पडून असायची. मला वाटायचं, ही आम्हाला चुकवून गोलगप्पे खाते. तसं मी तिच्या मैत्रिणींनाही सांगितलं होतं. त्या हसल्या नाहीत, एकमेकींकडे बघून गप्प बसल्या. मला ते का, हे कळायला बरीच वर्षं लागली.

आई बाहेरून दार वाजवायची. "कुमुद, ऊठ. बाईच्या जातीला हे असतंच. सगळ्याच जणी सोसतात." तिच्या आवाजात राग नसायचा. स्वयंपाकघरातून गरम पाण्याची पिशवी, ओव्याचं पाणी, सगळं वेळच्या वेळी यायचं. पण हे असतंच, यावर तिचा पक्का विश्वास होता.

ताई खो-खो छान खेळायची. नववीत असताना शाळांच्या सामन्यांसाठी तिची निवड झाली आणि नेमकी सामन्याच्या दिवशी ती मैदानाच्या कडेला बसून राहिली. खेळाच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय, नाटक सुरू झालं का?" ती उठली, धावली, दुसऱ्याच फेरीत कोसळली. त्यानंतर तिचं नाव संघात आलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

सोळाव्या वर्षी मात्र दुखणं इतकं वाढलं की बाबांनी ऑफिसातून सुट्टी काढली आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितली. रिपोर्ट आला: सगळं नॉर्मल. बाबांचा जीव भांड्यात पडला. येताना त्यांनी अर्धा किलो जिलेबी आणली. मला ती संध्याकाळ चांगली आठवते, कारण जिलेबी गरम होती आणि ताईनं तिच्या वाट्याची मला दिली.

पुष्कळ वर्षांनी ती मला म्हणाली, "हरीश, मला त्या दिवशी रडू येत होतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काय झालं? म्हणजे मी खोटारडी ठरले. त्यानंतर मी दुखतंय असं कुठल्या तोंडानं म्हणणार होते?"

म्हणून तिनं म्हणणं बंद केलं. आम्हाला वाटलं, दुखणं कमी झालं.

एकोणिसाव्या वर्षी, ती पॉलिटेक्निकला असताना, उजव्या बाजूला अशी कळ आली की तिला रिक्षातून हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. अपेंडिक्स असणार म्हणून ते काढलं. सर्जन नंतर बाबांना म्हणाले की अपेंडिक्सला तशी फारशी सूज नव्हती, पण काढलं ते बरं झालं. उजवीकडे छोटी चीर देऊन केलेलं ते ऑपरेशन. ओटीपोटात खाली, मागे काय आहे, ते त्यात कुणी पाहिलं नव्हतं, पाहायचं कारणही कुणाला वाटलं नव्हतं. नातेवाईक पेढे घेऊन आले. "सुटलीस बाई एकदाची," असं प्रत्येकजण म्हणत होता. पुढच्या महिन्यात कळ परत आली, अगदी तश्शीच. ताईनं कुणालाही सांगितलं नाही. एवढे पेढे वाटून झाल्यावर काय सांगायचं, असं ती म्हणाली.

नोकरी लागली. साइटच्या तारखा ती आपल्या तारखा बघून ठरवायची. पेन्सिलींच्या डबीत खाली गोळ्यांची पट्टी असायची. तोपर्यंत दुखणं पाळीपुरतं राहिलं नव्हतं. आधीचा आठवडा, नंतरचे चार दिवस, असं ते पसरत चाललं होतं. त्या दिवसांत शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. हे ती कुणाशी बोलणार? शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेली. पाळीचं त्यांनी विचारलं नाही आणि पोटाच्या डॉक्टरांना पाळीचं सांगायचं असतं हे हिला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आँतें सेंसिटिव हैं आपकी. टेंशन मत लो, चाय कम करो." तिनं चहा सोडला. मग एका बाईंनी, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, तिला पाळीच्या गोळ्या दिल्या. वर्षभर ताईला खरंच आराम पडला. पण आईनं त्या गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि ती घाबरली. लग्नाआधी असल्या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गोळ्या बंद झाल्या. त्याच बाई ताई निघताना म्हणाल्या होत्या, "शादी हो जाएगी तो सब ठीक हो जाएगा." हे वाक्य मात्र आईनं लक्षात ठेवलं.

लग्न झालं, ताई अठ्ठावीस वर्षांची असताना. यशोधन भालेराव हा मूळचा नागपूरचा, फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनिअर. शांत माणूस, कमी बोलणारा, भाजी स्वतः निवडून आणणारा. मी त्याला दिल्लीच्या सवयीनं जिजाजी म्हणायचो आणि तो दर वेळी लाजायचा. ताईला तो मनापासून आवडला होता. साखरपुड्यानंतर त्याच्यासाठी तिनं त्याच्या फरीदाबादच्या दोन खोल्यांचा नकाशा काढला होता, कुठे काय ठेवायचं ते सगळं मापासकट.

पुढचं मी दोघांच्याही तोंडून ऐकलं आहे, आणि ते लिहायला ताईनंच सांगितलं आहे. लग्नानंतर तिला कळलं की नवऱ्याजवळ जाणंही तिला सोसवत नाही. खोल आत कुठेतरी असं दुखायचं की ती श्वास धरून पडायची, आणि नंतर दोन दिवस ओटीपोट ठणकत राहायचं. पहिल्यांदा असंच असतं, असं तिनं स्वतःला समजावलं. सहा महिन्यांनीही तेच. मग ती कारणं शोधायला लागली. ओटा आवरायचा राहिलाय. डोकं दुखतंय. उद्या साइटवर लवकर जायचंय. यशोधन काही म्हणायचा नाही. तो कूस बदलून झोपायचा.

मूल होत नव्हतं. तपासण्या झाल्या, त्याच्यात दोष नव्हता. तिच्या नळ्या चिकटलेल्या दिसताहेत, म्हणून एका डॉक्टरांनी टीबीची शंका घेतली. आपल्याकडे पोटातला टीबी असतोच, त्यामुळे शंका अगदीच वाऱ्यावरची नव्हती. पण पुरावा मिळाला नाही, तरी औषधं सुरू झाली. सहा महिने ताई त्या गोळ्या खाऊन मळमळत ऑफिसला गेली. बदरपूरच्या ट्रॅफिकमध्ये तिनं एकदा कॅब थांबवून रस्त्याच्या कडेला उलटी केली होती, आणि तिथूनच मला फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होतो. "नंतर बोलू यार ताई," असं म्हणून मी ठेवून दिला. नंतर बोलायचं राहिलं.

चार वर्षांनी ती दोन बॅगा घेऊन मयूर विहारला परत आली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोघांच्या संमतीनं घटस्फोट झाला. कोर्टाच्या आवारात यशोधन मला बाजूला घेऊन म्हणाला, "हरीश, तुझ्या ताईनं मला एकदाही खरं काय ते सांगितलं नाही. मी तिला नकोच होतो."

मला त्याचं पटलं. हे लिहायला नको वाटतं, पण पटलं. त्या संध्याकाळी ताई कपाटात कपडे लावत होती. मी तिला म्हणालो, "तुला नेहमी काहीतरी होतच असतं, ताई. असं कोण किती दिवस सहन करणार?"

ती साडीची घडी घालत होती. तिनं घडी पुरी केली, ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

त्यानंतर पाच वर्षं आमच्या घरात ताईच्या पोटाविषयी कुणी बोललं नाही.

बोलली ती शिवांगी. आमचं लग्न झालं आणि ती पुण्याहून दिल्लीला आली, गुरुग्रामच्या कंपनीत लागली. २०२२ च्या गणपतीत सगळ्या जणी मोदक वळत बसल्या होत्या. ताई पाटावर एका कुशीवर कलून बसली होती. मधेच ती उठली, भिंतीला धरून आत गेली, बऱ्याच वेळानं आली. चेहरा पांढरा पडलेला. आम्हाला त्याची सवय होती. शिवांगीला नव्हती.

तिनं हातातली पारी ताटात ठेवली आणि विचारलं, "ताई, पाळी सुरू आहे का?"

ताईनं मान हलवली.

"आणि त्या दिवसांत टॉयलेटला जाताना दुखतं? कायम?"

आईनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच बाहेर जायची खूण केली. मी उठलो, पण दाराबाहेर थांबलो.

"तुला कसं माहीत?" ताईचा आवाज अगदी लहान झाला होता.

"पूर्वी नावाची माझी हॉस्टेलची मैत्रीण आहे. तिचं असंच होतं. नऊ वर्षं तिला सगळे नाटकी म्हणायचे. ताई, हे नॉर्मल नाहीये. बिल्कुल नाहीये."

मग ताईच्या रडण्याचा आवाज आला. मी तो आवाज लहानपणानंतर ऐकला नव्हता.

दक्षिण दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात शिवांगीनं वेळ घेतली. डॉक्टर बाईंचं नाव विजया सुब्रमण्यम. साठीच्या आसपासच्या, हिंदी थोडं दक्षिणी वळणाचं. ताईनं मलाही आत बोलावलं. बाईंनी आधी फायली बघितल्याच नाहीत. त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून? कुठे? पाळीच्या आधी किती दिवस? लघवीला? शौचाला? संबंधाच्या वेळी? घरात कुणाला? पाऊण तास त्या विचारत होत्या आणि लिहीत होत्या. ताईची उत्तरं ऐकताना मला कळत गेलं, की मी हिच्याबरोबर एका घरात वाढलो आणि मला काहीही माहीत नाही.

तपासणी झाली, आतून करायची खास सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला. दहा दिवसांनी बाईंनी समोर कोरा कागद घेतला आणि चित्र काढलं. त्यांना चित्र फारसं जमत नव्हतं.

"हे गर्भाशय," त्या हिंदीत सांगत होत्या. "याच्या आत एक अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि पाळीतून बाहेर पडतं. तुमच्या शरीरात त्या अस्तरासारख्याच पेशी बाहेर, दुसऱ्या जागी वाढल्या आहेत. बीजकोशांवर, गर्भाशयाच्या मागे, आतड्यावर. त्यांनाही महिन्याचे हार्मोन कळतात. त्याही सुजतात, त्यांतूनही रक्त येतं. पण त्यांना बाहेर पडायला वाट नाही. मग तिथे दाह होतो, व्रण होतात, एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. हा कॅन्सर नाही. आणि हे तुमच्या मनातलं तर मुळीच नाही."

दोन्ही बीजकोशांत जुन्या रक्तानं भरलेल्या गाठी होत्या. त्याचा रंग चॉकलेटसारखा म्हणून त्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात. दोन्ही मागे ओढले जाऊन एकमेकांना चिकटले होते. गुदाशयाच्या भिंतीत एक कडक गाठ होती. ताई नकाशा वाचतात तसा तो कागद वाचत होती.

"सोळाव्या वर्षी माझी सोनोग्राफी नॉर्मल होती," ती म्हणाली.

"असणारच. सुरुवातीचे छोटे डाग साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. त्यातून पोटावरून केलेली. लग्न न झालेल्या मुलीची आतून कुणी करत नाही, आणि केली तरी नेमकं कुठे बघायचं ते बघणाऱ्याला माहीत असावं लागतं. दुर्बिणीनं आत पाहिलं असतं, तर दिसलं असतं कदाचित. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच असतो, की आम्हाला दिसलं नाही. लोक त्याचा अर्थ काढतात, की काही नाहीये."

मग त्यांनी चष्मा काढला. "कुमुदिनीजी, अजून एक गोष्ट आहे."

त्यांनी चित्रात डाव्या बाजूला एक नळी काढली, मूत्रपिंडातून खाली मूत्राशयात येणारी. त्या नळीलाही या रोगानं बाहेरून वेढलं होतं.

"म्हणजे पाइप दाबला गेलाय," ताई म्हणाली.

"हो. हळूहळू, बरीच वर्षं. वरती लघवी तुंबत राहिली आणि किडनीवर दाब येत गेला. आपण तपासणी केली. डाव्या किडनीचं काम आठ टक्के उरलं आहे."

"पण तिथे मला कधीच दुखलं नाही."

"नाही दुखत. या आजारात दुखणं किती यावरून आत किती पसरलं आहे ते कळत नाही. कुणाला दोन डागांनी जीव नकोसा होतो. आणि किडनी आवाज न करता जाते."

"परत येईल?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

खाली कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. ताईनं चहा मागवला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "तेरा ते सदतीस," ती म्हणाली. "चोवीस वर्षं झाली." शिवांगीनं तिचा हात धरला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "आत्ता नको, हरीश. आत्ता मला तुझं नाही ऐकवणार."

घरी गेल्यावर मी आई-बाबांना जमेल तसं समजावलं. बाबा ऐकून बाल्कनीत गेले आणि तिथेच उभे राहिले. आई ताईच्या खोलीत गेली, पलंगाच्या कडेवर बसली.

"माझंही असंच होतं गं," आई म्हणाली. "अगदी असंच. मी मोरीत पडून असायची. माझी आई म्हणायची, पहिलं मूल झालं की थांबतं. आणि तू झालीस, मग माझं पुष्कळ कमी झालं. मला वाटलं, तुझंही होईल. मला खरंच वाटलं, कुमुद."

ताई आढ्याकडे बघत होती. "तुला तेव्हा कुणी विचारलं होतं का, आई, किती दुखतं म्हणून?"

"नाही."

"मग तुला तरी काय माहीत असणार."

आई तिथेच बसून राहिली. ताईनं तिच्याकडे बघितलं नाही, पण उठून जा असंही म्हटलं नाही. त्या दिवसापासून आई कमी बोलते. देवासमोर बसते, पण पोथी उघडत नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी पुढे मूल हवं आहे का, ते विचारलं. बीजं गोठवून ठेवता येतील का, ते बघितलं. फार थोडी उरली होती, वय अडतिशीला आलेलं. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. ताईनं सही केली. साडेपाच तास ऑपरेशन चाललं. स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्रविकाराचे सर्जन आणि आतड्यांचे सर्जन, असे तिघं. गाठी काढल्या, चिकटलेलं सोडवलं, आतड्यावरची गाठ सोलून काढली, उजव्या किडनीची नळीही चिकटायला लागली होती, ती मोकळी केली. डावी किडनी काढून टाकावी लागली.

दीड महिन्यानं पाळीच्या ज्या तारखा असायच्या, त्या दिवसांत ताई सकाळी उठून आमच्याकडे चालत आली. आता ती रोज एक हार्मोनची गोळी घेते, त्यानं पाळी थांबलेली आहे. "हरीश," ती दारातच म्हणाली, "लोक असे जगतात होय? रोज?" तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि मला ते बघवलं नाही. मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणायला उगीच वेळ लावला.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, तिनं मला सांगितलं की तिला यशोधनला भेटायचं आहे. त्याचं दुसरं लग्न झालं होतं, मुलगी होती. मी म्हणालो, "कशाला ताई आता?"

"त्याला वाटतं, तो मला नको होता. त्याला आयुष्यभर तसं वाटत राहू नये."

यशोधन यायला तयार झाला. फरीदाबादला त्याच्या सोसायटीजवळ एक बाग आहे, तिथे दुपारी भेटायचं ठरलं. आम्ही मेट्रोनं गेलो. तो बाकावर आधीच येऊन बसला होता. मी लांब थांबायला निघालो, पण ताई म्हणाली, "थांब इथेच. तू पण होतास ना कोर्टात."

तिनं पर्समधून ऑपरेशनच्या कागदाची प्रत काढली आणि त्याला दिली. तो इंजिनिअर माणूस. त्यानं एकेक ओळ बोट ठेवून वाचली. जिथे समजलं नाही तिथे विचारलं. तिनं सांगितलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"हे तेव्हाही होतं?"

"किती होतं ते नक्की कुणी सांगू शकत नाही. पण होतं. तेरा वर्षांची असल्यापासून असावं, असं डॉक्टर म्हणाल्या."

त्यानं मान वर केली. समोर दोन बायका वाटाणे सोलत उन्हात बसल्या होत्या.

"मी तुला एकदा म्हणालो होतो," तो म्हणाला, "की मी हात लावला की तू अंग चोरतेस. म्हणून विचारलं होतं, दुसरं कुणी आहे का."

"हो."

"तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? दुखतंय म्हटलं असतं तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस, आणि त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं असतं. मला तो रिपोर्ट परत ऐकायचा नव्हता. आणि खरं सांगू, मलाही वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. प्रेमच कमी असेल."

"नव्हतं ना तसं?"

"नाही, यशोधन. तसं नव्हतं."

त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसता कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, "हा मी ठेवू?"

"ठेव. तुझ्यासाठीच आणलाय."

निघताना तो माझ्याशी हात मिळवायला पुढे आला. मी त्याला जिजाजी म्हणून गेलो, सवयीनं. आम्ही दोघंही ओशाळलो.

परत येताना गाडीत गर्दी नव्हती. ताई खिडकीपाशी बसली होती. बडखल मोड, सराय, एकेक स्टेशन गेलं. मला वाटलं, आता ती मोकळी झाली असेल. लाजपत नगरला गाडी बदलायला उतरलो, तेव्हा जिन्यावर तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, सांगितल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. उलट आता कळलं, काय काय गेलं ते." सरकत्या जिन्यावर माणसं आमच्या बाजूनं भराभर वर चढत होती. ती माझा दंड धरून उभी होती, आणि मी तिच्याबरोबर उभा राहिलो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. ताई चाळीस वर्षांची आहे. ती ऑफिसला जाते, साइटवर जाते. दर सहा महिन्यांनी रक्ताची आणि उरलेल्या किडनीची तपासणी असते. वेदनाशामक गोळ्या तिला आता जपून घ्याव्या लागतात, किडनी एकच आहे म्हणून. हा आजार मुळापासून जात नाही, दाबून ठेवता येतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गेल्या महिन्यातल्या तपासणीत आतड्यापाशी पुन्हा एक छोटीशी जागा दिसली आहे. घाई नाही, लक्ष ठेवू, असं त्या म्हणाल्या.

तो रिपोर्ट घेतला त्या दुपारी तिनं मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन उचलला.

"हरीश, परत आहे काहीतरी," ती म्हणाली. "आणि आज दुखतंयही."

"किती?"

तिनं थोडा विचार केला. "दहापैकी चार. सकाळी सहा होतं."

"मी येतो."

"मीटिंग असेल ना?"

"येतो म्हटलं ना, ताई," मी म्हणालो, आणि निघालो.